धागा : बचत गटाचे नाव – बायकांना मान वर करून सांगता येईल असे

गोदाकाठ
मी धारूर तालुक्यात उमेद अभियानात सीआरपी, म्हणजे बचत गटांना मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करते. आमच्या वस्तीत अकरा जणींचा नवा गट उभा राहतो आहे. दर मंगळवारी बैठक होते, प्रत्येकी पन्नास रुपये जमतात आणि आता बँकेत खाते उघडायचे आहे. पण गाडी नावावर अडली आहे.

अकरापैकी सात जणी एकट्या आहेत. कोणाचा नवरा गेला, कोणाला नवऱ्याने टाकले, एकीने स्वतःच घर सोडले. जवळजवळ सगळ्या जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाले की परत येतात. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवले की, गटाचे नाव "निराधार महिला बचत गट" ठेवा, म्हणजे कोणत्याही योजनेत तुमची फाईल आधी पुढे सरकेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मात्र हे नाव मी बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा कोणीही नाही म्हटले नाही आणि हो देखील म्हटले नाही. सगळ्या जणी खाली बघत राहिल्या.

मला असे नाव हवे आहे की जे बँकेच्या खिडकीवर, ग्रामसभेत किंवा लेकीच्या सासरी विचारल्यावर त्यांना मोठ्याने सांगता येईल. आपण काही सुचवावे, आणि निवडताना कशाची काळजी घ्यावी तेही सांगावे.

अनुस्वार
ताई, "निराधार" हे नाव मुळीच ठेवू नये. नकाराने सुरू होणारी सगळीच नावे टाळावीत, कारण निराधार, अनाथ, अबला या शब्दांत माणसाची ओळख त्याच्याकडे नसलेल्या गोष्टीने होते. माझ्या मनात आलेली काही नावे अशी : स्वयंसिद्धा, ऊर्जस्वला, आत्मतेजा, दीप्तिमती. यांतले "स्वयंसिद्धा" मला सर्वांत योग्य वाटते. दुसऱ्याच्या आधाराने नव्हे, तर स्वतःच्या बळावर सिद्ध झालेली स्त्री, असा त्याचा अर्थ आहे आणि आपल्या गटाला तो चपखल बसतो.

वैशाली_कोथरूड
आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी आहे आणि आम्ही तिचे नाव "गप्पाटप्पा" ठेवले आहे. दर महिन्याला एकीची चिठ्ठी निघते आणि सगळ्यांना फार मजा येते. तुम्हीही असे हलकेफुलके नाव ठेवा, नाव फार गंभीर असले की लोक बैठकीला यायला कंटाळतात.

गोदाकाठ
वैशालीताई, भिशीत जमलेली रक्कम दर महिन्याला एकीला जाते आणि फेरी पूर्ण झाली की हिशेब मिटतो. आमच्याकडे पैसा गटाचाच राहतो, त्यातून एकमेकींना कर्ज दिले जाते आणि पुढे त्याच नावावर बँक कर्ज देते. कर्जाच्या कागदावर "गप्पाटप्पा" हे नाव आम्हाला जड जाईल.

अनुस्वारदादा, "स्वयंसिद्धा" मी काल बैठकीत ठेवून पाहिले. अकरापैकी तिघींना ते नीट म्हणता आले. बाकीच्यांचे "सोयमसिद्दा", "संसिद्धा" असे काहीतरी झाले आणि मग सगळ्या जणी हसल्या. ज्यांना म्हणता आले नाही त्या मात्र हसता हसता गप्प झाल्या. आपल्याच गटाचे नाव सांगताना जीभ अडखळली, तर समोरचा माणूस तिला अडाणी ठरवायला मोकळा होतो.

निवृत्त_शाखाधिकारी
मी सत्तावीस वर्षे ग्रामीण शाखांत काढली. नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्यानंतरच्या काळात मी स्वतः अनेक गटांची खाती उघडली आहेत. नाव निवडताना लोक अर्थाचा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. पण पुढची दहा वर्षे ते नाव कागदावरून आणि संगणकातून प्रवास करणार असते, तो प्रवास कोणी डोळ्यांसमोर आणत नाही.

आधी "निराधार" विषयी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे हा शब्द शाखेत अनुदानाशी घट्ट चिकटलेला आहे. खिडकीवर एखाद्या बाईने "आम्ही निराधार गटाच्या" असे म्हटले, की कारकुनाचे अर्धे लक्ष तिथेच सुटते आणि तो तिला अनुदानाच्या रांगेत जायला सांगतो. मी हे स्वतः पाहिले आहे. आलेली बाई कर्जाचा हप्ता भरायला आलेली असते, म्हणजे बँकेची ग्राहक असते, आणि नाव मात्र ती काही मागायला आली आहे असे सांगते. फाईल पुढे सरकण्याचे म्हणाल, तर गटाची पत नावावरून ठरत नाही. बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वह्या नियमित आहेत का, एवढेच तपासले जाते.

दुसरी गोष्ट नावाच्या लांबीची. माझ्या एका शाखेत एकाच गावातले दोन गट होते आणि दोन्हींच्या नावाची सुरुवात "क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले महिला" अशीच होती. फरक होता तो शेवटच्या शब्दांत. खातेदाराच्या नावाची जागा संगणकात ठरावीक असते, त्यामुळे पडद्यावर आणि पासबुकावर दोन्ही नावे `KRANTIJYOTI SAVITRIBAI PHULE MAHILA` इथपर्यंत येऊन तुटत होती. एका गटाचा फिरता निधी दुसऱ्याच्या खात्यात गेला. पैसे परत वळवून मिळाले, पण त्यासाठी दोन महिने आणि दोन्ही गटांचे ठराव लागले. मधल्या काळात दोन्ही गटांतल्या बायकांचे एकमेकींशी बोलणे बंद झाले होते, ते मात्र पुन्हा सुरू झाले की नाही हे मला कळले नाही. म्हणून ज्या शब्दाने तुमचा गट ओळखला जाणार, तो शब्द नावात सर्वांत आधी यावा.

सह्याद्रीपुत्र
एक महत्त्वाचे विसरू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नावाची नोंदणी केल्याशिवाय नाव वापरता येत नाही. तसेच राज्यात त्या नावाचा दुसरा गट नाही याची खात्री आधी करावी लागते, नाहीतर अर्ज फेटाळला जातो.

निवृत्त_शाखाधिकारी
आपण म्हणता ते सार्वजनिक न्यास किंवा संस्था स्थापन करताना लागू होते. दहा ते वीस जणींच्या बचत गटाला अशा नोंदणीची सक्ती नाही. सभासदांनी ठराव केला, पदाधिकारी निवडले आणि त्यांची ओळखपत्रे दिली, की बचत खाते उघडता येते. त्यामुळे राज्यात "प्रगती" नावाचे गट किती आहेत याची चिंता करू नये. आपले गाव, आपला ग्रामसंघ आणि आपली बँक शाखा या तीन ठिकाणी तेच नाव आधी आहे का, एवढे मात्र जरूर विचारावे.

नर्मदाकाठ_इंदूर
आम्ही इंदूरचे मराठी. माझ्या बहिणीचा गट नांदेडला आहे आणि आम्ही इकडच्या एका गटाला मदत करतो. योगायोगाने दोन्ही गटांचे नाव "समृद्धी" आहे. नांदेडला पासबुकावर `SAMRUDDHI` आहे आणि इकडे `SAMRIDDHI`. मराठी माणूस ऋ चा उच्चार रु करतो आणि हिंदी माणूस रि. बहिणीच्या गटात पॅन कार्डाचा अर्ज भरणारा मुलगा हिंदी शाळेत शिकलेला निघाला आणि त्याने रि लिहिले. बँकेने दोन वेगळी नावे धरून कर्जाचा अर्ज परत पाठवला.

ज्ञ चेही तसेच आहे. "प्रज्ञा" हे नाव आपल्याकडे `PRADNYA` होते आणि इकडे `PRAGYA`. माझे सांगणे एवढेच, की ज्या नावात ऋ किंवा ज्ञ आहे ते घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

अनुस्वार
म्हणजे आता इंग्रजी अक्षरांच्या सोयीसाठी आपण मराठीतील सुंदर शब्द टाकून द्यायचे का? "समृद्धी" हा शब्द कोणत्या कारकुनाला कसा लिहिता येतो, यावर त्याची योग्यता ठरू नये. मला ही तडजोड मान्य नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
शब्द टाकून द्यायची गरज नाही. ठरावातच नाव देवनागरीत आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत लिहावे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी, म्हणजे खाते, पॅन, ग्रामसंघाची वही आणि अभियानाची ऑनलाइन नोंद, त्याच ठरावाची प्रत समोर ठेवून अक्षरन् अक्षर उतरवून काढावे. "गट" की "समूह" हेदेखील एकदाच ठरवावे. उमेदच्या कागदांवर "स्वयंसहाय्यता समूह" असते आणि बोलताना सगळे "बचत गट" म्हणतात, त्यामुळे बहुतेक गोंधळ इथेच होतात.

मुंबईकर_मनोज
मला एक सुचते. या बायका ऊसतोड करतात ना? मग गटाचे नाव "कोयता" ठेवा! किती जोरदार वाटते पाहा. किंवा "मोळी". एकटे कांडे मोडते, पण बांधलेली मोळी मोडत नाही. यात श्रमाचा सन्मान आहे आणि एकीही आहे.

गोदाकाठ
मनोजदादा, आपण मनापासून सुचवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्याकडे कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. मुकादम माणसे मोजतो ती कोयत्यांत. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. उचल कोयत्यावर मिळते, हिशेबही कोयत्याचा होतो. बाई एकटी असेल तर ती अर्धा कोयता. तिला उचलही अर्धी मिळते आणि पुष्कळदा मुकादम तिला घ्यायलाच तयार नसतो, म्हणून तिला भावाबरोबर, मोठ्या मुलाबरोबर किंवा दुसऱ्या एकट्या बाईबरोबर जोडी लावावी लागते. टोळी भरताना मुकादम "अर्धा कोयता कोण आहे?" असे सगळ्यांसमोर विचारतो आणि तिने हात वर करायचा असतो. आमच्या सात जणी गेली कित्येक वर्षे असा हात वर करत आल्या आहेत.

तरीही आपली दोन्ही नावे मी बैठकीत सांगितली. "मोळी" ऐकल्यावर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "जन्मभर डोक्यावर वाहिली, आता नावातबी वाहू का?" त्यानंतर त्या नावाचा विषय निघाला नाही.

मुंबईकर_मनोज
अर्ध्या कोयत्याचे मला माहीत नव्हते. माझी सूचना मागे घेतो.

कापूसकाळी
गोदाकाठताई, तुमचा हा प्रतिसाद वाचल्यापासून एक नाव डोक्यात घोळते आहे. "पूर्णा". ज्यांना अर्धी म्हटले गेले, त्यांच्या गटाचे नाव पूर्णा. शिवाय मराठवाड्यात पूर्णा नदी आहे, त्यामुळे शब्द परका वाटणार नाही. म्हणायला सोपे आहे आणि लहानही आहे.

रझिया_लातूर
"पूर्णा" छानच आहे. मी आमच्या गटाचा अनुभव सांगते. आमच्या गटात चार मुस्लिम आणि आठ हिंदू बायका आहेत. सुरुवातीला एका देवीचे नाव ठरत होते. आम्हा चौघींची हरकत नव्हती, कारण मैत्रिणींची श्रद्धा आम्ही जाणतो. पण मोर्चात किंवा मेळाव्यात त्या नावाचा जयजयकार होतो, तेव्हा आमच्या घरचे काय म्हणतील याची धास्ती होती आणि ती आम्ही बोलूनही दाखवली नव्हती. आमच्या सचिवांनी ते ओळखले आणि नाव "उजेड" ठेवले. आज ते माझ्या दारावरच्या पाटीवर आहे. म्हणून नाव ठरवताना जी बाई बोलत नाही, तिला वेगळे गाठून विचारावे.

वऱ्हाडी_ठेचा
हा मुद्दा जातीलाही लागू पडतो, आणि तो लिहायला अवघड असला तरी लिहितो. जिजाऊ, सावित्रीबाई, रमाई, अहिल्यादेवी ही सगळी थोर नावे आहेत आणि ती कोणालाही घेता यावीत. पण प्रत्यक्ष गावात नाव ऐकले की लोक लगेच ठरवतात, हा गट कोणत्या आळीचा. सावित्रीबाईंनी ज्या भिंती पाडायला आयुष्य घातले, त्याच भिंतींवर आपण त्यांच्या नावाची पाटी लावतो. एकाच समाजाचा गट असेल आणि त्याला त्या नावाचा अभिमान असेल, तर ते जरूर घ्यावे. मिश्र गट असेल तर सगळ्यांनी बोलून मगच घ्यावे.

अनुस्वार
याला माझा विरोध आहे. लोक चुकीचा अर्थ लावतात म्हणून आपण थोर स्त्रियांची नावे सोडून द्यायची, तर ती नावे कायमची एकेका आळीत बंद होतील. उलट मिश्र गटांनीच ती घ्यायला हवीत.

वऱ्हाडी_ठेचा
तुमचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण ते ओझे या अकरा जणींनीच का उचलावे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

सह्याद्रीपुत्र
मग योजनेचे नाव घ्या. "उज्ज्वला" किंवा "लाडकी बहीण" ही नावे प्रत्येकाला माहीत आहेत, लक्षात ठेवायला सोपी आहेत.

कापूसकाळी
आमच्या शेजारच्या गावात "उज्ज्वला" नावाचा गट आहे. ते नाव गॅसची योजना येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. 2016 नंतर त्यांच्या अध्यक्षांना लोक थांबवून शेगडीची चौकशी करू लागले. त्या आता गटाचे नाव सांगताना "गॅसवाला नव्हे" असे आधीच जोडतात.

गोदाकाठ
आज बैठक झाली. जे घडले ते क्रमाने सांगते.

"पूर्णा" हे नाव मी सांगितले आणि कारणही सांगितले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने ते नुसते म्हणून पाहिले, मग दुसरीने. सगळ्यांना ते म्हणता आले. नवरा असलेल्या चौघींपैकी एक जण म्हणाली, की मुकादम आम्हाला पूर्ण कोयता म्हणतो, पण उचल नवऱ्याच्या हातात जाते आणि हिशेबही त्यालाच सांगितला जातो, म्हणजे आम्ही तरी कुठे पूर्ण आहोत. तेव्हा हे नाव आमचेही आहे. मला हे सुचले नव्हते.

पण ज्या बाईने स्वतः घर सोडले, तिला हे नाव पटले नाही. ती म्हणाली, "मी अर्धी हाय असं मुकादम म्हणतो, मी नाही म्हणत. पूर्णा नाव ठेवलं तर नाव पुसणाऱ्याला दरवेळी त्या अर्ध्याची कहाणी सांगावी लागंल." तिने विचारले, की आपण गटात कशासाठी आलो? तिचेच उत्तर असे होते : तोडीवर गेल्यावर रात्री कोपीत एकटीने झोपावे लागू नये, दुखण्याखुपण्याला मुकादमापुढे हात पसरावा लागू नये, कोणीतरी सोबत असावे म्हणून. मग नाव "सोबत"च का नको?

आता दोन नावे समोर होती. सगळ्यांना वाचता येत नसल्यामुळे चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. मडक्यात दाणे टाकायचे ठरले, पूर्णासाठी ज्वारीचा आणि सोबतसाठी तुरीचा, म्हणजे कोणी काय टाकले ते कळू नये. तुरीचे सात दाणे निघाले आणि ज्वारीचे चार.

अनुस्वार
"सोबत" हा शब्द मला आधी फारच साधा वाटला होता. बैठकीचा वृत्तान्त वाचल्यावर तसा वाटत नाही. तरीही माझे मत "पूर्णा"लाच राहिले असते.

कापूसकाळी
माझेही. पण दाणे त्यांचे होते.

निवृत्त_शाखाधिकारी
"सोबत" व्यवहारातही सोयीचे आहे. इंग्रजीत ते `SOBAT` असेच लिहिले जाईल, दुसरे रूप सहसा कोणी करणार नाही. ("पूर्णा"चे `PURNA` आणि `POORNA` असे दोन फाटे फुटले असते, हे मी मुद्दाम मतदानाआधी बोललो नाही.)

आता ठरावात पुढील मजकूर असावा : बैठकीची तारीख आणि क्रमांक, हजर सभासदांची नावे आणि सह्या किंवा अंगठे, गटाचे पूर्ण नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, गाव आणि तालुका, अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांची नावे, आणि तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार होईल असे वाक्य. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्या शाखेत "सोबत" नावाचे दुसरे खाते आहे का, हे उद्याच विचारून घ्या.

गोदाकाठ
आज शाखेत जाऊन आले. "सोबत" नावाचे एक खाते आहे, वीस किलोमीटरवरच्या गावातल्या गटाचे. तिथल्या साहेबांनी नाव बदलून आणायला सांगितले. बायकांना हे अजून सांगितलेले नाही.

निवृत्त_शाखाधिकारी
नाव बदलायची गरज नाही. गावाचे नाव शेवटी न ठेवता दुसऱ्या स्थानी आणा, म्हणजे "सोबत", मग गाव, मग "महिला स्वयंसहाय्यता समूह". असे केल्यास पडद्यावर नाव तुटले तरी गाव दिसत राहील. साहेबांना हे कागदावर लिहून दाखवा, बहुधा ते मान्य करतील. त्यांनी मान्य केलेच नाही, तर मात्र प्रश्न पुन्हा बैठकीतच न्यावा लागेल, तो तुम्ही किंवा मी इथे बसून सोडवू नये.

रझिया_लातूर
आणि ताई, शिक्का आत्ता करायला टाकू नका. आम्ही घाईने केला होता आणि खाते उघडताना नावात एक शब्द वाढला. दोनशे रुपयांचा तो शिक्का आता माझा नातू खेळायला घेतो.

गोदाकाठ
शिक्क्याची ऑर्डर कालच दिली होती. आत्ता फोन करून थांबवते.